प्रतिसादाची संहिता : गाडगेबाबांचे कीर्तन आणि मोठ्या सभागृहातील श्रोता

प्रस्तावना

हिंजवडी या गावाला आज राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे ओळखले जाते. याच गावात चैत्र पौर्णिमेच्या सुमारास म्हातोबाची यात्रा भरते आणि बगाडाची मिरवणूक हिंजवडीहून वाकडकडे निघते. त्या मिरवणुकीत एक आवाज उठतो, ‘म्हातोबाच्या नावानं...’ आणि हजारो कंठांतून ‘चांगभलं’ असे उत्तर येते. हे उत्तर कोणी शिकवलेले नसते. आवाज वाढवा, अशी विनंतीही कोणी केलेली नसते. याउलट याच परिसरातील वातानुकूलित सभागृहांत, उत्तम ध्वनिवर्धक यंत्रणा हाताशी असताना, व्यासपीठावरील सूत्रसंचालक ‘आवाज येत नाही, पुन्हा एकदा’ असे वारंवार म्हणताना आढळतो. हात वर करण्याचे आवाहन केले तर पुढच्या दोन रांगांतील काही हात अर्धवट उचलले जातात आणि मागचा अंधार स्तब्ध राहतो.

या भेदाचे कारण श्रद्धेत किंवा उत्साहात शोधण्याची रीत आहे. मिरवणुकीत भक्ती असते, सभागृहात ती नसते, असे म्हटले की प्रश्न संपतो. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे. समूहाचा प्रतिसाद ही बऱ्याच अंशी शब्दरचनेची बाब आहे. कोणते वाक्य कोठे तोडले, क्रियापद कोठे ठेवले, आधी काय विचारले आणि मिळालेल्या उत्तराचे पुढे काय केले, यांवर त्याचे यश अवलंबून असते. मराठीत या रचनेचा सर्वांत प्रगल्भ नमुना संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनांत आढळतो. त्या नमुन्याच्या आधारे मोठ्या सभागृहासाठी प्रतिसादाची संहिता कशी लिहिली जाते, ती कोठे फसते आणि तिची नैतिक मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अपूर्ण वाक्याचे बळ

‘म्हातोबाच्या नावानं’ हे शब्द व्याकरणदृष्ट्या अपुरे आहेत. तृतीयेतील पद उच्चारले गेले आहे. पण त्याला आधार देणारे विधान अद्याप आलेले नाही. मराठी कानाला ही पोकळी सहन होत नाही. ‘चांगभलं’ हे उत्तर ती पोकळी भरून काढते. ‘छत्रपती शिवाजी महाराज की’ या घोषातील ‘की’ हेच कार्य करते आणि ‘गणपती बाप्पा’ यापुढचा विरामही तसाच आहे. या सर्व घोषांत हाक देणारा वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि समूह ते पूर्ण करतो. प्रतिसाद द्यायचा की नाही, हा प्रश्नच श्रोत्यापुढे उभा राहत नाही. वाक्य पुरे करण्याची भाषिक सवयच त्याला बोलते करते.

या रचनेचा दुसरा गुण असा की, उत्तर नेमके कोणत्या क्षणी द्यायचे हे हाकेतच दडलेले असते. मोठ्या समूहात हा गुण निर्णायक ठरतो. ध्वनीला एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर कापता येते. व्यासपीठापासून शेवटची रांग ३४ मीटरवर असेल, तर वक्त्याचा मूळ आवाज तेथे पोहोचण्यास एक दशांश सेकंद लागतो आणि त्या रांगेचे उत्तर परत येण्यास तितकाच काळ जातो. म्हणजे पुढच्या रांगेचे उत्तर वक्त्याच्या कानी लगेच पडते आणि मागच्या रांगेचे साधारण एका अक्षराच्या उच्चाराइतके उशिरा येते. उत्तर दोन-तीन अक्षरांचे असेल तर हा फरक जाणवत नाही. उलट त्यामुळे आवाजाला घनता येते. उत्तर लांब वाक्याचे असेल तर मात्र प्रत्येकजण आपापल्या गतीने बोलू लागतो. मग अंतराने पडलेल्या फरकात गतीच्या फरकाची भर पडते आणि सभागृहात केवळ गलबला उरतो. भजनात लांब ओळीही एकसुरात म्हटल्या जातात, कारण तेथे टाळ गती बांधून देतो. टाळ नसलेल्या सभागृहात लांब उत्तराची अपेक्षा बाळगणे हा संहितेतील पहिला दोष होय.

आवाजाला लागणारा हा वेळ दृष्टीला लागत नाही. कीर्तनकार घोषाच्या वेळी हात उंचावतो आणि ठरावीक क्षणी खाली आणतो, त्याचे एक व्यावहारिक कारण येथे दिसते. मागच्या श्रोत्याला हाताची हालचाल पुढच्या श्रोत्याइतकीच तत्काळ दिसते. म्हणून मोठ्या सभागृहाच्या संहितेत शब्दांबरोबर हाताची खूणही लिहिलेली असावी लागते. ती छातीच्या पातळीवर न करता डोक्याच्या वर केली तरच शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते.

गाडगेबाबांची प्रश्नमालिका

घोषात समूह वाक्य पूर्ण करतो. पण तो नवे काही सांगत नाही. गाडगेबाबांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावे, हा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या कीर्तनात शास्त्रचर्चा अल्प आणि संवाद अधिक असे. वऱ्हाडी वळणाच्या साध्या बोलीत ते समोरच्या जनसमुदायाला प्रश्न विचारीत, समुदाय उत्तर देई आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. मधूनमधून नामाचा गजर होई. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरच्या काळातील कीर्तन ध्वनिमुद्रणामुळे जतन झाले आहे. त्याची लेखी रूपे वाचतानाही श्रोत्यांची उत्तरे हा संहितेचा अविभाज्य भाग असल्याचे ध्यानात येते. ती उत्तरे वगळली तर कीर्तनाचा युक्तिवादच तुटतो.

त्यांची देवांविषयीची सुपरिचित प्रश्नमालिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. आरंभी जगात देव किती, असा प्रश्न येतो आणि समुदाय एक असे उत्तर देतो. हे उत्तर निश्चित असते, कारण ते प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले असते. त्यानंतर श्रोत्यांच्या गावातील एकेका देवतेचे नाव घेऊन ती गावात आहे का, असे विचारले जाते. प्रत्येक वेळी आहे असेच उत्तर येते. देवतांची संख्या वाढत जाते आणि पहिल्या उत्तराशी तिचा विरोध श्रोत्यांच्याच तोंडून सिद्ध होतो. वक्त्याने विरोधाचे विधान आधी केले असते तर समुदायाने ते नाकारले असते. येथे त्याने विधान केलेलेच नाही. समुदायाने स्वतःच्या दोन उत्तरांना एकमेकांसमोर उभे केले आहे.

या मालिकेच्या यशाची तीन कारणे दिसतात. पहिले कारण क्रमाचे आहे. निश्चित उत्तराचे प्रश्न आधी येतात आणि धोक्याचा प्रश्न शेवटी येतो. तोवर समुदायाला स्वतःच्या आवाजाची सवय झालेली असते. दुसरे कारण असे की, प्रत्येक उत्तर वापरले जाते. श्रोत्याने दिलेला शब्द पुढच्या प्रश्नाची पायरी होतो, त्यामुळे आपण बोललो नसतो तर कीर्तन येथवर आले नसते, ही जाणीव त्याला राहते. आजच्या सभांतून विचारले जाणारे ‘सगळे मजेत आहात ना?’ यांसारखे प्रश्न याच कसोटीवर उणे ठरतात. होकार आला किंवा न आला तरी वक्त्याचे पुढचे वाक्य तेच असते आणि श्रोत्यांना ते पहिल्या पाच मिनिटांतच उमगते.

तिसरे कारण मराठीच्या घडणीशी संबंधित असून त्याचा विचार फारसा झालेला नाही. मराठीत होकार देताना ‘हो’ म्हणण्याबरोबरच प्रश्नातील क्रियापद परत उच्चारण्याची प्रवृत्ती आहे. ‘आलात का?’ या प्रश्नाला ‘आलो’ असे उत्तर सहज येते. परंतु येथे एक अडचण आहे. पुरुष ‘आलो’ म्हणेल, स्त्री ‘आले’ म्हणेल, कोणी ‘आलोय’ म्हणेल आणि कोणी नुसते ‘हो’ म्हणेल. एका व्यक्तीला विचारताना हा भेद नगण्य असतो, हजार व्यक्तींना विचारताना तो उत्तराचा चुराडा करतो. याउलट ‘गावात खंडोबा आहे का?’ या प्रश्नातील क्रियापद तृतीयपुरुषी आहे. त्याचे ‘आहे’ हे उत्तर पुरुष, स्त्री आणि मूल यांच्या तोंडी एकच राहते. बोलीप्रमाणे उच्चार बदलला तरी उत्तराचा आवाका तेवढाच राहतो आणि आवाज एकवटतो. म्हणून मराठी श्रोत्यांसाठी लिहिताना ‘तुम्ही काय केलेत?’ या वळणाऐवजी ‘तुमच्याकडे अमुक आहे का?’ हे वळण अधिक फलदायी ठरते.

नकारार्थी प्रश्नाचा धोका याहून मोठा आहे. ‘तुम्ही मतदान करत नाही का?’ असे विचारल्यावर ‘हो’ म्हणणारा मतदान करतो की करत नाही, हे ठरवता येत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याविषयीही तीच संदिग्धता राहते. घरगुती संभाषणात स्वरावरून आणि चेहऱ्यावरून अर्थ लागतो. मोठ्या सभागृहात अर्थ लावण्याइतका वेळ श्रोत्याला नसतो. अशा वेळी तो शांत राहणे पसंत करतो आणि वक्ता त्याला उदासीन ठरवतो.

टाळकऱ्यांचे स्थान

कीर्तनातील प्रतिसाद केवळ कीर्तनकार आणि श्रोते या दोघांत घडत नाही. वारकरी कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ म्हणत असतात. त्यांचे सांगीतिक कार्य सर्वज्ञात आहे. सामाजिक दृष्ट्या ते आणखी एक काम करतात, ते म्हणजे पहिले उत्तर देण्याचे. मोठ्या समूहात एकट्याचा आवाज निघण्याची भीती प्रत्येकाला असते. टाळकऱ्यांनी उत्तर उचलले की ती भीती नाहीशी होते. उत्तर कोणते, किती मोठ्याने आणि कोणत्या क्षणी द्यायचे, हे सर्व त्यांच्या एका उच्चाराने स्पष्ट होते.

आजच्या कार्यक्रमांत या व्यवस्थेचे अनुकरण करताना काही माणसे श्रोत्यांत पेरून ठेवण्याची युक्ती केली जाते. तिच्यात दोन दोष संभवतात. एक तर ही माणसे बहुधा आयोजकांच्या पुढच्या रांगेत बसवली जातात. पुढून आलेला आवाज मागच्या श्रोत्यांना व्यासपीठाचाच भाग वाटतो. त्यांना धीर देण्यासाठी आवाज त्यांच्या मागून किंवा शेजारून यावा लागतो. दुसरा दोष प्रामाणिकपणाचा आहे. टाळकरी सर्वांसमोर उभे असतात, त्यांची भूमिका कोणापासून लपलेली नसते. पेरलेला माणूस मात्र स्वतःला सामान्य श्रोता म्हणून दाखवतो. ही लबाडी उघडकीस आली की पुढचा प्रत्येक प्रतिसाद संशयास्पद होतो. गळ्यात कार्यकर्त्याचा पट्टा घालून मागच्या दारांजवळ उघडपणे उभे राहिलेले आठ-दहा जण टाळकऱ्यांच्या परंपरेला अधिक जवळचे ठरतात.

ध्वनिवर्धकामुळे एक नवी विषमताही निर्माण झाली आहे. वक्त्याचा आवाज यंत्रातून सर्वत्र पोहोचतो, श्रोत्यांचा पोहोचत नाही. शेवटच्या रांगेतील माणसाला वक्ता कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो, पण पुढच्या पाचशे जणांचे उत्तर त्याला पुसट ऐकू येते. कोणीच उत्तर दिले नाही, असा त्याचा समज होतो आणि पुढच्या वेळी तोही गप्प बसतो. यावरचा उपाय कीर्तनकारांच्या सवयीत आहे. श्रोत्यांनी ‘आहे’ म्हटल्यावर कीर्तनकार तोच शब्द स्वतः उच्चारतो आणि मगच पुढे जातो. सभागृहात ध्वनिवर्धकावरून उत्तराची अशी पुनरुक्ती केली की समूहाचे उत्तर समूहालाच परत मिळते. ‘आवाज येत नाही’ या वाक्याने याच्या नेमके उलट घडते. ज्यांनी उत्तर दिले त्यांचे उत्तर त्या वाक्याने पुसले जाते.

हात वर करण्याची भाषा

तोंडी उत्तरापेक्षा उंचावलेला हात अधिक माहिती देतो, कारण त्यातून समूहाचे विभाजन दिसते. परंतु त्याच कारणाने तो अधिक अवघडही आहे. येथे वाक्यरचनेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. इंग्रजीच्या धर्तीवर ‘तुमच्यापैकी किती जणांनी अमुक पुस्तक वाचले आहे?’ असे विचारले जाते. हे वाक्य संख्या विचारते. कृती सांगत नाही. हात उचलावा, होकार द्यावा की प्रश्न केवळ अलंकारिक समजावा, हे श्रोत्याला कळत नाही. मराठीत यासाठी ‘ज्यांनी... त्यांनी’ ही जोडरचना सिद्ध आहे. ‘ज्यांनी हे पुस्तक वाचले आहे, त्यांनी हात वर करा’ या वाक्यात अट आधी पूर्ण होते आणि आज्ञा शेवटी येते. आज्ञा आधी आली, म्हणजे ‘हात वर करा, ज्यांनी...’ असे म्हटले, तर अट पुरी होण्यापूर्वीच काही हात उठतात आणि मग संकोचाने खाली येतात. एकदा असा अनुभव आलेला श्रोता दुसऱ्या वेळी हात उचलत नाही.

रचना अचूक असली तरी अंधाराचा प्रश्न उरतो. नाट्यगृहाप्रमाणे प्रेक्षागारातील दिवे मंद केलेले असतील तर वक्त्याला हात दिसत नाहीत आणि श्रोत्यांना ते माहीत असते. म्हणून दिवे वाढवण्याची सूचना संहितेत प्रश्नाच्या एक-दोन वाक्ये आधी लिहिलेली असावी. प्रश्नानंतर दिवे लागले तर क्षण निघून गेलेला असतो. वक्त्याने स्वतःचा हात उचलावा आणि तो तीन-चार सेकंद तसाच ठेवावा. हात पुढून मागे लाटेसारखे उठत जातात आणि ती लाट शेवटपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बोलणे सुरू केले तर मागच्यांची दखल घेतली जात नाही. त्यानंतर जे दिसले ते सांगणे अत्यावश्यक आहे, कारण पुढच्या रांगेला मागचे काहीच दिसत नाही. नेमकी संख्या सांगण्याचा आव आणू नये. हजार जणांत हात मोजता येत नाहीत. ‘निम्म्याहून अधिक’, ‘तुरळक’, ‘डावीकडे जास्त’ एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते आणि तेवढे पुरते.

एक उदाहरण

या तत्त्वांची सांगड कशी घालावी, हे एका कल्पित प्रसंगावरून स्पष्ट करता येईल. हिंजवडी परिसरातील एका सभागृहात आसपासच्या गृहनिर्माण संस्थांचे आठशे रहिवासी जमले आहेत आणि विषय ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाचा आहे, असे समजावे. संहितेच्या पहिल्या मसुद्यात पुढील वाक्य असू शकते : ‘तुमच्यापैकी किती जण घरी ओला आणि सुका कचरा वेगळा करतात आणि किती जण तसाच सोसायटीच्या डब्यात टाकतात?’ येथे एका वाक्यात दोन प्रश्न आहेत, कृतीची सूचना नाही आणि दुसऱ्या प्रश्नाला हात उचलणे म्हणजे शेजाऱ्यांसमोर दोष कबूल करणे आहे. या प्रश्नाला मिळणारी शांतता ही श्रोत्यांची उदासीनता नसून त्यांचा विवेक आहे.

गाडगेबाबांच्या क्रमाने हा भाग पुन्हा लिहिल्यास तो असा होईल. प्रथम दिवे वाढतात. ‘ज्यांच्या घरी आज सकाळी चहा झाला, त्यांनी हात वर करा.’ बहुतेक सर्व हात वर जातात. प्रश्नात धोका नाही आणि उत्तर निश्चित आहे. वक्ता थांबतो, पाहतो आणि ‘जवळजवळ सगळं सभागृह’ असे म्हणतो. मग दुसरे वाक्य येते : ‘ज्यांच्या घरी चहाचा चोथा कचऱ्याच्या डब्यात गेला, त्यांनी हात वर ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या.’ काही हात खाली येतात, कारण काही घरांत चोथा कुंडीत टाकतात. तिसरे वाक्य : ‘ज्यांच्या घरी ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा आहे, त्यांनी हात वर ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या.’ आता किती हात उरतात, हे सर्वांच्या देखत ठरते.

या मांडणीत दोषी व्यक्तीला हात उचलावा लागत नाही, केवळ खाली घ्यावा लागतो. शिवाय दुसऱ्या वाक्यानंतर खाली आलेल्या हातांत कुंडीत चोथा टाकणारेही आहेत. त्यामुळे शेवटी ज्याचा हात खाली आहे त्याने कचरा वेगळा केला नाही, असा निष्कर्ष शेजाऱ्याला काढता येत नाही. श्रोत्याची लाज राखली जाते. अर्थात त्याची किंमत मोजावी लागते. मोजमाप म्हणून हा प्रयोग कच्चा राहतो आणि त्यावरून टक्केवारी जाहीर करणे चुकीचे ठरते. प्रतिष्ठा राखणे आणि अचूक मोजणे ही दोन्ही उद्दिष्टे एकाच प्रश्नातून साधत नाहीत. कोणते निवडायचे हे लेखकाने आधी ठरवावे लागते.

पुढची वाक्येही तीन प्रकारे लिहून ठेवणे आवश्यक आहे. बहुतेक हात वर राहिले, तर चर्चा वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो का, या प्रश्नाकडे वळावी. थोडे राहिले, तर वेगळा डबा ठेवण्यातील अडचणींकडे वळावी. एकही राहिला नाही, तर ‘मग आजची सभा योग्य ठिकाणी आहे’ असे म्हणून आरंभापासून विषय मांडावा. या तिन्ही वाटांनी पुढचे भाषण खरोखर बदलणार असेल तरच प्रश्न विचारण्यास अर्थ आहे. भाषण बदलणार नसेल, तर तो प्रश्न संहितेतून काढून टाकणे अधिक प्रामाणिक होय.

हाकेचा आणि उत्तराचा भाग यानंतर येतो. ‘ओला वेगळा’ या हाकेला ‘सुका वेगळा’ हे उत्तर रचले, तर दोन्हींची घडण सारखी राहते आणि दुसरा शब्द पुन्हा तोच असल्याने श्रोत्याला एकच नवा शब्द लक्षात ठेवावा लागतो. मात्र ‘चांगभलं’प्रमाणे हे उत्तर परंपरेने मुखात बसलेले नाही, ते एकदा उघडपणे शिकवावे लागते. वक्त्याने आधी दोन्ही भाग स्वतः म्हणावेत आणि मग हाताच्या खुणेने उत्तर मागावे. हिंजवडीच्या श्रोतृवर्गात मराठी मातृभाषा नसलेले अनेकजण असतात, हे लक्षात घेता दोन सोप्या शब्दांपलीकडे जाणे हिताचे नाही. भाषणात अशी हाक दोन-तीन ठिकाणी, विषयाचा एकेक टप्पा संपताना यावी. दर दोन मिनिटांनी ती आली तर तिचे रूपांतर कवायतीत होते.

संमती आणि सक्ती

आतापर्यंतच्या विवेचनातून प्रतिसाद मिळवण्याची रचना हाती येते; परंतु मिळालेला प्रतिसाद खरा आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतो. गाडगेबाबांच्या प्रश्नमालिकेलाही या आक्षेपातून सूट देता येत नाही. तिच्यातील प्रत्येक उत्तर आधीच ठरलेले आहे; श्रोत्याला मधेच वेगळे उत्तर देण्यास जागा नाही. रात्री आवाजी होकार देणारा माणूस सकाळी जुन्याच वाटेने जात असेल, ही शक्यता बाबांनाही ठाऊक असणार. मालिका श्रोत्याला कोंडीत पकडते, ही तिची शक्ती आहे आणि तीच तिची मर्यादाही आहे.

तरीही त्या कोंडीला सक्ती म्हणता येत नाही, कारण विचारणाऱ्याचे श्रोत्यावर कोणतेही अधिकार नव्हते. अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे घेऊन फिरणाऱ्या, त्याच गावचा रस्ता झाडून उभ्या राहिलेल्या माणसाला उत्तर न देता उठून जाणे कोणालाही शक्य होते. त्याच्यापासून मिळवायचे काही नव्हते आणि गमवायचेही नव्हते. रचना तीच ठेवून हा संबंध बदलला की तिचा अर्थ पालटतो. कंपनीच्या सभागृहात व्यासपीठावरून वरिष्ठ अधिकारी ‘ज्यांना हा निर्णय योग्य वाटतो, त्यांनी हात वर करा’ असे म्हणतो, तेव्हा वाक्यरचना निर्दोष असते, दिवे लागलेले असतात आणि हातही भराभर वर जातात. पण हात खाली ठेवणाऱ्याला वार्षिक मूल्यमापन करणारे डोळे पाहत असतात. येथे उठलेले हात मत दर्शवीत नाहीत. ते केवळ सत्तेची उपस्थिती दर्शवितात.

हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. खऱ्या प्रश्नाला हात अनियमितपणे उठतात. कोणी लगेच उचलतो, कोणी विचार करून उचलतो, कोणी कोपरात वाकवून अर्धाच ठेवतो. सक्तीच्या प्रश्नाला आधी माना पुढच्या रांगेकडे किंवा विभागप्रमुखाकडे वळतात आणि मग हात एकाच वेळी उठतात. असे दिसल्यास प्रश्न पुढे रेटण्यात अर्थ नाही. मत हवे असेल तर निनावी चिठ्ठी हे साधन योग्य आहे. हात वर करण्याचा उपयोग अनुभव विचारण्यापुरता आणि हात खाली राहिल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही अशा बाबींपुरताच ठेवणे न्याय्य ठरते.

निष्कर्ष

मोठ्या सभागृहातील प्रतिसादाचे यशापयश श्रोत्यांच्या उत्साहावर सोपवण्याची प्रथा सदोष आहे. हाक अपुरी ठेवली, उत्तर दोन-चार अक्षरांचे व सर्वांच्या तोंडी एकच राहील असे रचले, निश्चित उत्तराकडून धोक्याच्या उत्तराकडे जाणारा क्रम राखला आणि मिळालेले उत्तर सर्वांना ऐकवून पुढे वापरले, तर अनोळखी समूहही बोलता होतो. यांपैकी कोणतीही गोष्ट बाहेरून आणावी लागत नाही. ‘चांगभलं’च्या घोषात, टाळकऱ्यांच्या उभे राहण्यात आणि गाडगेबाबांच्या प्रश्नांत ती आधीपासून आहे. परकी वाक्यवळणे उसनी घेतल्यामुळे ती सभागृहांतून हरवली, इतकेच.

मात्र या रचनेतील एक घटक लेखणीने निर्माण करता येत नाही. श्रोत्याला गप्प राहण्याचे स्वातंत्र्य असणे, हा तो घटक होय. ते असेल तर पन्नास हातही पुष्कळ काही सांगतात. ते नसेल तर आठशे हात वर गेले तरी सभागृहाने काहीच सांगितलेले नसते.